साजाचं बिल आहे म्हणून निवांत बसू नका, या चुका टाळा

कोल्हापूरच्या गुजरीतून साज घेतला, बिल कपाटात डब्यातच ठेवलं, झालं. आपल्याकडं बहुतेक घरात असंच असतं आणि चोर डबाच उचलून नेतो, मग बिल पण गेलं ना. वर ते बिल थर्मल कागदाचं असलं तर वर्षा-दोन वर्षात अक्षरं उडून कोरा कागद हातात येतो, म्हणून घेतल्या दिवशीच फोटो काढा आणि दुसऱ्या गावच्या लेकीकडं किंवा भावाकडं पाठवून ठेवा.

पण खरी गडबड वजनात होते. साजाच्या मण्यात लाख भरलेली असते. समजा एकूण वजन 40 ग्रॅम, त्यातलं निव्वळ सोनं 34. बिलावर नुसतं "साज 1 नग, 40" असेल आणि तुम्ही विम्याला 40 ग्रॅम सोनं लिहिलं तर क्लेमच्या वेळी ते 6 ग्रॅम वादात अडकणार. सराफाकडून दोन्ही वजनं, कॅरेट आणि एचयूआयडी बिलावर लिहूनच घ्या, लाजू नका.

एचयूआयडी म्हणजे हॉलमार्कजवळचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर. लई बारीक असतो, 8 का बी तेच कळत नाही, तर भिंगातून बघून BIS Care ॲपमध्ये टाका, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार जुळला म्हणजे बरोबर वाचलाय. मात्र तिथं मालकाचं नाव येत नाही, म्हणजे दागिना खरा हे कळतं, तुमचा आहे हे बिलच सांगतं. आज्जीच्या जुन्या साजावर हा नंबर नसणारच, त्याला मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचा दाखला घ्या.

फोटोचं म्हणाल तर लग्नातला गळ्यातला फोटो बहुतेक वेळा काही कामाचा नाही. पारंपरिक साजाला 21 पानं, त्यात दशावतार, अष्टमंगल, सगळ्यांचे साज दिसायला सारखेच! चोर सापडला, मुद्देमालात चार साज आले तर तुमचा कुठला? पांढऱ्या कापडावर पट्टी शेजारी ठेवून पुढून-मागून काढा आणि जिथं जोड दिलाय, पान वाकलंय, खडा बदललाय तिथला जवळून काढा, ओळख तिथंच पटते. कोर्टातून दागिना परत मागताना बिल आणि हा फोटो दोन्ही कामाला येतात.

घड्याळाला केसच्या मागं किंवा पट्टा लागतो तिथं सीरियल असतो, वॉरंटी कार्डावरच्या नंबराशी ताडून बघा. जुनं घेतलं असेल आणि नंबरात फरक असेल तर तो आधीच कळलेला बरा.

आणि मोड! जुन्या पाटल्या मोडून बांगड्या केल्या, विम्याच्या दागिन्यांच्या यादीत मात्र पाटल्याच. आटवलेल्या सोन्याबरोबर जुना एचयूआयडी पण गेला, नव्या बांगडीला नवा येतो. मोड दिली की त्याच आठवड्यात यादी बदला आणि विमा कंपनीला पण लेखी कळवा, चोरी झाल्यावर कळवून काय उपयोग.