या चुका टाळा: ऑलवेज, ओन्ली आणि इनफ यांची वाक्यातली जागा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीच्या प्रश्नसंचांवर पेन्सिलीच्या खुणा करत बसलेली मुले शब्दार्थ आणि काळ यांवर फारशी अडत नाहीत. मात्र चार पर्यायांत शब्द तेच आणि फक्त क्रम वेगळा असला, की ती पर्याय मनातल्या मनात वाचून ‘कानाला बरा वाटतो तो’ निवडतात. इंग्रजी वाचणारा हा कान मराठीवर घडलेला असतो आणि मराठीत ‘नेहमी’ हा शब्द वाक्यात जवळजवळ कुठेही चालतो. ‘नेहमी तो उशिरा येतो’, ‘तो नेहमी उशिरा येतो’, ‘तो उशिरा येतो नेहमी’ या तिन्ही वाक्यांत फरक पडतो तो केवळ जोराचा. इंग्रजीत ही मोकळीक नाही, आणि शिकवणीत मला ज्या चुका वर्षानुवर्षे दिसतात त्यांतल्या बहुतेकींचे मूळ येथेच आहे.

सर्वांत आधी ‘इनफ’ पाहावे, कारण त्याचा नियम तिघांत सर्वांत कडक आहे. आपण ‘पुरेसा मोठा’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘इनफ बिग’ लिहून जातो. इंग्रजीत मात्र विशेषणाच्या किंवा क्रियाविशेषणाच्या बरोबर हा शब्द आला, तर तो त्याच्या मागून येतो: ‘बिग इनफ’, ‘फास्ट इनफ’. नामाबरोबर आला, तर तो साधारणपणे नामाच्या आधी बसतो: ‘इनफ टाइम’, ‘इनफ मनी’. एवढे पाठ असूनही विशेषण आणि नाम एकत्र आले की गोंधळ उडतो. ‘वी डोन्ट हॅव बिग इनफ बॉक्सेस’ आणि ‘वी डोन्ट हॅव इनफ बिग बॉक्सेस’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यात खोकी आहेत, पण ती हवी तेवढी मोठी नाहीत. दुसऱ्यात मोठी खोकी आहेत, पण त्यांची संख्या कमी पडते. म्हणून विशेषणाच्या आधी ‘इनफ’ दिसताच पर्याय खोडण्याची घाई करू नये. पुढे नाम आहे का ते पाहावे आणि असेल तर प्रश्नाला आकार अपुरा म्हणायचा आहे की संख्या, हे ठरवावे.

‘ऑलवेज’साठी वाक्यातले क्रियापद शोधावे लागते. साधे मुख्य क्रियापद असेल तर हा शब्द त्याच्या आधी येतो: ‘शी ऑलवेज वॉक्स’. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ अशी रूपे मुख्य क्रियापद म्हणून आली तर तो त्यांच्यानंतर येतो: ‘शी इज ऑलवेज लेट’. सहाय्यक क्रियापद असेल तर तो त्याच्यानंतर बसतो, आणि ती एकाहून अधिक असतील तर पहिल्यानंतर: ‘शी हॅज ऑलवेज बीन लेट’. ‘ही ड्रिंक्स ऑलवेज टी’ असे क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये त्याला घुसवणे चूक आहे. साध्या विधानाच्या आरंभीही त्याला ठेवू नये, मात्र आज्ञार्थी वाक्य ‘ऑलवेज’ने सुरू होऊ शकते. चांगले विद्यार्थी फसतात ते ‘हॅव टु’पाशी. ‘हॅव’ हे सहाय्यक समजून ते ‘आय हॅव ऑलवेज टु चेंज बसेस ॲट स्वारगेट’ लिहितात. येथे ‘हॅव’ सहाय्यकाचे काम करत नाही, कारण प्रश्न विचारताना आपल्याला ‘डू’ची मदत घ्यावी लागते. म्हणून ते मुख्य क्रियापद धरावे आणि ‘आय ऑलवेज हॅव टु चेंज बसेस’ असे लिहावे.

‘ओन्ली’ची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे जागा बदलली की वाक्य चुकतेच असे नाही, पण त्याचा अर्थ बदलू शकतो. मराठीत हे काम ‘च’ करतो आणि तो ज्या शब्दावर जोर आहे त्यालाच चिकटतो. या सवयीमुळे आपण ‘मी पुण्यातच आहे’चे ‘आय ॲम इन पुणे ओन्ली’ करतो. आपल्याकडच्या बोलण्यात ते सर्रास चालते, पण प्रमाण इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पुण्याखेरीज कुठेही नाही’ असा होऊ लागतो आणि आपल्या ‘च’मधला ‘अहो, इथेच तर आहे’ हा भाव त्यात उतरत नाही.

समजा, एखाद्या अभ्यासिकेला दारावर ‘रविवारी फक्त सभासदांनाच प्रवेश’ अशी पाटी इंग्रजीत लावायची आहे. ‘ओन्ली मेंबर्स आर अलाउड ऑन संडेज’ लिहिले तर काम झाले. ‘मेंबर्स आर अलाउड ओन्ली ऑन संडेज’ लिहिले तर वर्गणी भरलेल्या माणसाला सोमवार ते शनिवार बाहेर बसावे लागेल. पुण्यात पाटीचा शब्दशः अर्थ लावून भांडणारा वाचक मिळायला वेळ लागत नाही, हे वेगळे सांगायला नको. म्हणून लेखनात ‘ओन्ली’ ज्या शब्दाला मर्यादा घालतो त्याच्या लगेच आधी ठेवावा. ‘आय ओन्ली सॉ हिम यस्टरडे’ यासारखी वाक्ये इंग्रजीत सहज बोलली जातात, तेथे आवाजातला जोर अर्थ ठरवतो आणि त्यांना अशुद्ध म्हणता येत नाही. परंतु कागदावर आवाज नसतो. अपेक्षित अर्थ दिलेला असेल आणि ‘ओन्ली’ नेमक्या शब्दाला लगटून असलेला पर्याय समोर असेल, तर तोच निवडावा.

आता एक प्रश्न सोडवून पाहू. अपेक्षित अर्थ असा आहे: ‘जागा मिळावी इतक्या लवकर तो दर वेळी येतोच असे नाही.’ पर्याय चार आहेत.

(१) ही इज ऑलवेज नॉट अर्ली इनफ टु गेट अ सीट.
(२) ही इज नॉट ऑलवेज अर्ली इनफ टु गेट अ सीट.
(३) ही ऑलवेज इज नॉट इनफ अर्ली टु गेट अ सीट.
(४) ही इज नॉट ऑलवेज इनफ अर्ली टु गेट अ सीट.

विद्यार्थी बहुधा डावीकडून वाचत ‘ऑलवेज’पाशी थांबतात आणि तेथेच वेळ घालवतात. त्याऐवजी आधी ‘इनफ’ पाहावे. ‘अर्ली’ येथे विशेषण आहे आणि त्याच्या लगेच पुढे नाम नाही, त्यामुळे ‘इनफ अर्ली’ असलेले तिसरा आणि चौथा हे पर्याय एका नजरेत बाद होतात. उरलेल्या दोहोंत ‘ऑलवेज’ हा ‘इज’च्या नंतरच आहे, म्हणून वरचा नियम येथे पुरत नाही आणि नकाराकडे पाहावे लागते. ‘नॉट ऑलवेज’ म्हणजे ‘दर वेळी नाही’, अर्थात कधी लवकर तर कधी उशिरा. ‘ऑलवेज नॉट’मध्ये नकारच कायमचा होतो: तो कधीच वेळेवर येत नाही. हा दुसरा अर्थ सांगायचा असता तर इंग्रजीत सरळ ‘नेव्हर’ वापरले असते. उत्तर दुसरा पर्याय.

‘ओन्ली’ असलेल्या प्रश्नात हाच क्रम ठेवून तो शब्द शेवटी तपासावा, कारण त्याला अर्थ वाचल्याशिवाय हात लावता येत नाही. अपवाद एकच: वाक्य ‘ओन्ली देन’ किंवा ‘ओन्ली आफ्टर’ने सुरू होत असेल, तर अर्थाकडे वळण्याआधी पुढच्या मुख्य वाक्यात सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी आले आहे का ते पाहावे. ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’ बरोबर आहे आणि ‘ओन्ली देन आय अंडरस्टुड’ हा पर्याय खोडावा, मग तो मराठी कानाला कितीही सरळ वाटो.