मागच्या महिन्याचा आकडा बदलला की आधी एंट्रीची तारीख बघा

एमआयएसच्या कामाला नवीन लागलात की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हा प्रश्न येतोच, "मागच्या मीटिंगला तुम्ही जुलै ८१ लाख सांगितला होता, आज ७७ कसा काय?" मला तो आला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. रिपोर्ट तोच, फिल्टर तेच, मी काहीच बदललं नव्हतं आणि तरी आकडा वेगळा. तेव्हा मी शेतीऔषधं आणि खतं विकणाऱ्या एका कंपनीत होते, सांगली, लातूर आणि अकोला असे तीन डेपो, सगळ्यांच्या एंट्र्या एकाच सिस्टीममध्ये यायच्या, आणि दर महिन्याच्या ३ तारखेला सकाळी मागच्या महिन्याची निव्वळ विक्री काढून सेल्सच्या सरांना द्यायची हे माझं काम.

झालेलं काय ते नीट सांगते कारण सगळी गोम त्यातच आहे. ३ ऑगस्टला काढलेल्या जुलैच्या रिपोर्टमध्ये बिलं ८४.२ लाखांची होती, मालपरत ३.१ लाख, म्हणून निव्वळ ८१.१. तोच जुलै ३ सप्टेंबरला काढला तर बिलं ८६.० आणि मालपरत ८.४, निव्वळ ७७.६. म्हणजे महिन्याभरात १.८ लाखांची बिलं वाढली आणि ५.३ लाखांची मालपरतही वाढली. ही सगळी व्हाउचर्स जुलैच्याच तारखेची, फक्त सिस्टीममध्ये ऑगस्टमध्ये आली.

बिलांचं कारण साधं निघालं, अकोल्याला महिनाअखेरीला नेट गेलं होतं, त्यांनी चलनावर माल दिला आणि बिलं नंतर चढवली. मालपरतीचं मात्र दर महिन्याला होणारच. डीलर न खपलेल्या बाटल्या डेपोला परत पाठवतो, डेपोवाले आवक तारीख टाकून पावती देतात, पण क्रेडिट नोट लगेच होत नाही, आधी बॅच नंबर जुळवायचा, एक्स्पायरी बघायची, फुटलेलं वेगळं काढायचं, मग डीलरशी रेटवरून बोलणं, यात आठ-दहा दिवस जातात, कधी तीन आठवडे. आणि नोटेवर तारीख मात्र माल आला त्या दिवसाची पडते. म्हणून ३ तारखेच्या रिपोर्टमध्ये बिलं जवळजवळ पूर्ण असतात पण मालपरत अर्धीसुद्धा नसते. थोडक्यात आमचा ताजा महिना नेहमीच असायला हवा त्यापेक्षा चांगला दिसायचा.

आता यातली खरी फसगत बघा. ३ सप्टेंबरला मी ऑगस्टचा आकडा दिला ७९.३, आणि शेजारच्या कॉलममध्ये सिस्टीममधून ताजा काढलेला जुलै, ७७.६. सरांनी बघितलं, १.७ लाखांनी वाढ, छान. पण हा जुलै महिनाभर मुरलेला आणि ऑगस्ट अवघा तीन दिवसांचा, दोघांची तुलना होऊच शकत नाही. तीन दिवसांचा जुलै ८१.१ होता, त्याच्यासमोर ऑगस्ट ७९.३ म्हणजे १.८ लाखांनी घट. पुढे महिन्याभरात ऑगस्टचीही मालपरत चढली आणि तो ७५.४ वर आला, म्हणजे घट होतीच, २.२ लाखांची. वाढ समजून एका डीलर स्कीमला मुदतवाढ दिली गेली होती त्या दरम्यान, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण आकडा चुकीचा नव्हता, मी तो कसा लावला ते चुकीचं होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही करा, प्रत्येक व्हाउचरच्या दोन तारखा असतात ते डोक्यात ठेवा, व्यवहाराची तारीख आणि एंट्री झाली ती तारीख. आपण महिना पहिलीवरून ठरवतो आणि दुसरीकडे बघतच नाही. सिस्टीममध्ये दुसरी तारीख बहुतेक असतेच, आयटीवाल्यांना मागा. मग मागच्या कुठल्याही दिवशी आकडा किती दिसत होता ते काढता येतं:

```
SELECT SUM(amount) FROM vouchers
WHERE voucher_date >= '2024-07-01'
  AND voucher_date <  '2024-08-01'
  AND created_at   <  '2024-08-03 10:00';
```

यात मालपरत मायनसमध्ये धरलेली आहे. पण एक मर्यादा आहे, कुणी जुनी एंट्री उघडून रक्कमच बदलली किंवा एंट्री डिलीट केली तर `created_at` वरून ते कळत नाही, ही क्वेरी बदललेली रक्कमच जुनी म्हणून दाखवेल. कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग बंधनकारक आहे, तिथे सापडतं, पण रोज कोण शोधणार, त्यापेक्षा रिपोर्ट दिला त्या क्षणी डेटाची कॉपी तारीख घालून वेगळी ठेवा. मी नंतर हेच सुरू केलं आणि निम्मे वाद तिथेच संपले.

दुसरी गोष्ट लेबल. नुसतं "जुलै विक्री" लिहू नका. आमच्याकडे शेवटी असं ठरलं की ३ तारखेचा आकडा "तात्पुरता", पुढच्या महिन्याच्या ३ तारखेचा "सुधारित", आणि महिना संपून ६० दिवस झाले की "अंतिम". ६० कुठून आले तर मी वर्षभराच्या एंट्र्यांमध्ये दोन तारखांमधला फरक मोजला, ४५ दिवसांनंतर जवळपास काहीच येत नव्हतं, त्यावर थोडी सवड धरली. तुमच्याकडे तो वेगळा निघेल, मोजूनच ठरवा. अंतिम झाल्यावर काही आलंच तर ते चालू महिन्यात "मागील समायोजन" म्हणून वेगळ्या ओळीत, जुन्या महिन्याला हात नाही.

आणि शब्दाच्या जोडीला डेटा कधीपर्यंतचा तेही हवं. आमच्या रिपोर्टखाली अशी ओळ असते: "जुलै, सुधारित. ३ सप्टेंबर सकाळी १० पर्यंतच्या एंट्र्या. आधी ८१.१, आता ७७.६, फरक −३.५: उशिरा आलेली मालपरत −५.३, अकोल्याची बिलं +१.८." जुना आकडा खोडायचा नाही, बाजूला ठेवायचा. एखाद्या डेपोचा डेटा यायचाच असेल तर तिथे शून्य टाकू नका, "अकोला २७ जुलैपर्यंत" असं लिहा, शून्य म्हणजे विक्री झाली नाही असा अर्थ होतो. देशाच्या औद्योगिक उत्पादनाच्या निर्देशांकातही पहिला आकडा क्विक एस्टिमेट म्हणून येतो, किती टक्के प्रतिसादावर तो काढलाय ते सांगतात आणि नंतर तो सुधारतात, तेव्हा यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

अकाउंट्समधून आलेल्यांना हे GSTR-2A आणि GSTR-2B वरून पटकन कळेल. पुरवठादाराने जुलैचं रिटर्न उशिरा भरलं तर जुलैच्या 2A मध्ये ते बिल नंतर येऊन बसतं, पण 2B मध्ये ते पुढच्या महिन्यात जातं. पहिल्यात जुना महिना हलतो, दुसऱ्यात उशीर नव्या महिन्याच्या अंगावर येतो. दोन्ही बरोबर, फक्त तुमचा रिपोर्ट कुठल्या पद्धतीचा आहे ते लिहिलेलं असलं पाहिजे.

अजून एक फरक सांभाळा. उशिरा माहिती आली म्हणून बदललं ते "सुधारित", पण माझ्याच फाइलमध्ये लातूरचं शीट दोनदा बेरजेत आलं असेल तर ती "चूक दुरुस्ती", तिला सुधारित म्हणून झाकायचं नाही. दुरुस्ती असेल तर ३ तारखेची वाट न बघता त्याच दिवशी, ज्यांना ज्यांना जुनी फाइल गेली त्या सगळ्यांना मेल, विषयातच "दुरुस्ती" लिहून. म्हणूनच कुणाला कुठली फाइल पाठवली त्याची यादी मी त्या महिन्याच्या फोल्डरमध्येच ठेवते.