पहिला परदेशी क्लायंट आणि रात्री साडेबाराचा कॉल

एका फ्रीलान्स वेब डिझायनरचं उदाहरण घेऊ. तिचा पहिला परदेशी क्लायंट न्यूयॉर्कचा. फेब्रुवारी 2026 मध्ये त्याचा ईमेल येतो: "Tuesday, 10 Feb, 2 PM EST". हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असतं. म्हणजे तिथले दुपारचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात.

इथेच पहिली चूक होते, आणि ती गणिताची नसून आपल्या बोलण्याच्या सवयीची असते. आपण सहज म्हणतो, "मंगळवारी रात्री साडेबाराला कॉल आहे." कॅलेंडरच्या हिशेबात मात्र बारा वाजून गेले की बुधवार लागलेला असतो. मंगळवार, 12:30 AM असं टाकून ठेवलं, तर गजर सोमवारी झोपल्यावरच वाजतो, कॉलच्या बरोबर चोवीस तास आधी. म्हणून वेळ हातानं बदलून लिहू नये. कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइमझोन `America/New_York` निवडावा आणि क्लायंटनं दिलेली वेळ जशीच्या तशी भरावी. आपल्याकडची तारीख आणि वेळ कॅलेंडरच दाखवेल.

दुसरं म्हणजे, साडेबाराला कॉल घ्यावाच लागेल असं नसतं. क्लायंटनं बहुतेकदा स्वतःची रिकामी वेळ पाहून दोन वाजता लिहिलेलं असतं. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र असेल हे त्याच्या ध्यानातही नसतं. "तुम्हाला कधी जमेल?" असं विचारलं तर पुन्हा दुपारच मिळते. त्याऐवजी त्याच्याच घड्याळातल्या दोन वेळा सुचवाव्यात: "मंगळवारी न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी 10 किंवा 11." आपल्याकडे त्या रात्री साडेआठ आणि साडेनऊ होतात. आपली डिझायनर अकराची वेळ ठरवते, दर मंगळवारी.

चार आठवडे सुरळीत जातात. मग 8 मार्चला अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे सरकतात. तिथे हे मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतं. आता फरक साडेनऊ तासांचा झाला. 10 मार्चला क्लायंट त्याच्या अकरा वाजता, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला, कॉलवर हजर. ही रोजच्या सवयीनं साडेनऊला आली, तर तासभर उशीर! आवर्ती मीटिंग `America/New_York` मध्ये केलेली असेल तर तुमच्याकडची वेळ आपोआप सरकते. ती `Asia/Kolkata` मध्ये केली असेल तर तुमचे साडेनऊ कायम राहतात आणि क्लायंटच्या कॅलेंडरमध्ये अकराचे बारा होतात. दोघांपैकी ज्याच्याकडे घड्याळ बदलतं, त्याचा टाइमझोन धरावा.

यात आणखी एक गोम आहे. EST हे फक्त हिवाळ्यातल्या वेळेचं नाव, उन्हाळ्यातलं EDT. तरी जुलैमध्येही लोक बिनदिक्कत EST लिहितात. ते अक्षरशः धरलं तर कॉल तासभर चुकतो. क्लायंटची चूक काढत बसू नये. उत्तरात नुसतं "11 AM New York time" लिहावं.

कॉल संपला की लगेच झोपावंसं वाटतं, पण त्याआधी दहा मिनिटं काढून काय ठरलं ते ईमेलनं पाठवावं: कोणती पानं, कोणता मजकूर क्लायंट देणार, कोणता प्रश्न उरला. समजा, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काम करताना लोगोची फाइलच मिळाली नाही असं लक्षात आलं. तेव्हा मार्चमधल्या न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. क्लायंट नऊला कामावर बसेल तोवर तुमचे संध्याकाळचे साडेसहा. एका फाइलपायी अख्खा दिवस गेला. हीच गोष्ट रात्री लिहिली असती, तर त्याच्या दुपारीच फाइल आली असती.

आता मूळच्या वेळापत्रकात एक लंडनचा क्लायंट आधीपासून आहे असं धरा: मंगळवारी तिथले दुपारचे तीन. हिवाळ्यात ते आपले रात्रीचे साडेआठ. न्यूयॉर्कचा कॉल साडेनऊला, मध्ये तासाभराचं अंतर, उत्तम जमलेलं. पण ब्रिटनमध्ये घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे 2026 मध्ये 29 तारखेला. तोवर लंडन आपल्या साडेआठलाच राहतं आणि न्यूयॉर्क मात्र साडेनऊवरून साडेआठवर आलेलं असतं. परिणामी 10, 17 आणि 24 मार्च, या तीन मंगळवारी दोन्ही कॉल एकाच वेळी येतात. 31 मार्चला लंडन साडेसातवर सरकतं आणि अंतर पुन्हा मोकळं होतं. त्या तीन तारखांपुरती कुणाची तरी वेळ बदलून घ्यायची, तर ते फेब्रुवारीतच कळवायला हवं.