मध्ययुगीन पंथसूचीतली नोंद कशी तपासावी

इस्लामी जगात नवव्या शतकापासून पंथांच्या सूच्या लिहिल्या जात होत्या: पंथाचे नाव, संस्थापक, त्याची मते आणि बहुतेकदा त्याची चूक. लिहिणारा स्वतः कुठल्या तरी एका बाजूचा असे. तरीही कित्येक लोप पावलेल्या पंथांची माहिती आज फक्त याच ग्रंथांत सापडते, त्यामुळे त्या टाकून देणे परवडत नाही. त्यातली एखादी नोंद कशी पारखायची, ते हिशाम इब्न अल-हकम या माणसावरून पाहू. हा आठव्या शतकातला कूफा शहराचा शिया विचारवंत, इमाम जाफर सादिक यांचा शिष्य. सूच्यांमध्ये त्याच्या नावाने ‘हिशामिया’ पंथ येतो आणि मत दिलेले असते की ईश्वराला शरीर आहे, आणि ते त्याच्या स्वतःच्या वितीने सात विती भरते.

१. आधी आकडा पाहा. आपल्या समाजाचे 73 फिरके, म्हणजे पंथ, होतील आणि त्यातला एकच तरेल, असे पैगंबरांचे वचन प्रसिद्ध होते. अल-बगदादी (मृत्यू 1037) हा आकडा जुळवूनच सूची मांडतो. संख्या आधीच ठरलेली असल्यामुळे एखाद्या गुरूचे चार शिष्यही स्वतंत्र पंथ ठरू शकतात. ‘अमुकिया’ असे माणसाच्या नावावरून पडलेले नाव दिसले, की त्या लोकांनी स्वतःला कधी तसे म्हटले होते का, हा पहिला प्रश्न विचारावा. अल-शहरस्तानीने 1127च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात स्पष्ट तक्रार केली आहे की पंथ मोजायचा नियम आधीच्या कोणीच पाळला नाही. त्याने चार मूळ प्रश्न ठरवून मतभेदांची विभागणी केली, पण 73चा आकडा त्यालाही सोडवला नाही.

२. बातमी कोणाकडून आली ते शोधा. इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यावा. दहाव्या शतकातला सूचीकार अल-अशअरी हिशामची मते सांगताना काही ठिकाणी आपला स्रोत नोंदवतो. एका ठिकाणी तो स्रोत आहे अबुल हुझैल, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या मुअतझिला पंथाचा मोठा वादपटू आणि हिशामचा प्रतिस्पर्धी. अबुल हुझैल सांगतो, मी त्याला मक्केजवळचा अबू कुबैस डोंगर दाखवून विचारले, “तुझा ईश्वर मोठा की हा डोंगर?” त्यावर म्हणे हिशामने डोंगर मोठा असल्याचे कबूल केले. वादात हरलेल्याची ही गोष्ट जिंकणाऱ्यानेच सांगितलेली आहे, एवढे ध्यानात ठेवले की तिचे वजन उतरते.

३. मत कोणते आणि पेच कोणता, ते वेगळे करा. वादात समोरच्याला म्हणायचे, “तुझे हे खरे मानले, तर तेही मानावे लागेल.” असा पेच नंतरच्या सूचीत सहज कोणाचे तरी मत बनून बसतो. हिशामबाबत हे शहरस्तानीनेच ओळखले. तो सांगतो की हिशाम अबुल हुझैलला कोंडीत पकडत होता: ईश्वर जाणणारा आहे, पण इतर जाणणाऱ्यांसारखा नाही, असे तू म्हणतोस; मग तो शरीर आहे, पण इतर शरीरांसारखा नाही, असे का म्हणत नाहीस? म्हणून त्याच्या तोंडी दिसते त्यावरून त्याला जोखू नये, असा शहरस्तानीचा इशारा आहे.

४. विसंगती आणि स्वकीयांची साक्ष जमवा. हिशामने एकाच वर्षात ईश्वराबद्दल पाच वेगवेगळी मते मांडली, असेही अशअरी नोंदवतो. सात वितींचे मत त्या पाचांतलेच एक, आणि तेही त्याने सोडून दिले. अशअरीच्याच ग्रंथात दुसरीकडे हिशामचा खुलासा आहे की ‘शरीर’ म्हणजे मला अस्तित्वात असलेली, स्वतःच्या आधाराने उभी असलेली वस्तू अभिप्रेत आहे. दुसरीकडे शिया परंपरेच्या अल-काफी या हदीससंग्रहात ‘शरीर’ या बोलण्याबद्दल इमामांची नापसंती येते. म्हणजे शब्द वापरल्याची गोष्ट शत्रूंनी रचलेली नाही. माझ्या मते इथे एवढेच म्हणता येते: हिशाम ईश्वराला ‘शरीर’ म्हणत असे, विती आणि डोंगर बाजूला ठेवावेत.

असे स्वकीय ग्रंथ हाती नसतील तर निष्कर्ष मोघमच ठेवावा. मॉन्टगोमेरी वॉट यांच्यासारख्या आधुनिक अभ्यासकांचा मोठा आक्षेप असा, की हे लेखक मतांना काळ देत नाहीत. शंभर वर्षांत बदललेला विचार एका परिच्छेदात गोठतो. दूरच्या लोकांबद्दल तर फारच जपावे. शहरस्तानी भारतातल्या ‘बराहिमा’ लोकांना प्रेषित नाकारणारे म्हणतो आणि त्यांचे नाव बरहाम नावाच्या माणसावरून आल्याचे सांगतो. ब्राह्मणांशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला त्यातली ऐकीव माहिती लगेच कळेल.

याउलट, लेखक मूळ लिखाण उतरवून घेतो तेव्हा नोंद अनमोल ठरते. इराणातल्या अलमूत किल्ल्यावरचा हसन सब्बाह हा शियांच्या इस्माइली शाखेचा नेता; त्याचे फारसी लिखाण हरवले आहे, पण त्यातला युक्तिवाद शहरस्तानीने अरबीत आणून आपल्या ग्रंथात ठेवला. इस्माइली विचारांचे अभ्यासक आजही तिथूनच सुरुवात करतात.