ऑनलाइन शिकवणीत बुडणारे तास: पॅकेज असं बांधा की वाद होणार नाही

मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरातून मी नववी-दहावीचं गणित ऑनलाइन शिकवते. सहा वर्षं झाली. या धंद्यात पडू पाहणाऱ्यांना सल्ला मिळतो तो पेन टॅब्लेट कुठला घ्यावा, मागे पडदा कुठल्या रंगाचा लावावा असला. मला पहिली दोन वर्षं जे छळत होतं ते वेगळंच होतं. संध्याकाळी सहा पन्नासला येणारा मेसेज: ‘टीचर, आज नाही जमणार.’

तयारीचं एका ओळीत. एकाच विद्यार्थ्याला शिकवायचं असेल तर गूगल मीट फुकटात पूर्ण तासभर चालतं, झूमचा फुकट प्लॅन चाळीस मिनिटांत तोडतो. पैसे यूपीआयने घ्या आणि एका वहीत तारखा लिहा. शाळेत शिक्षक असाल तर मात्र इथेच थांबा, कारण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही.

आता पॅकेज. आधी हे समजून घ्या की तुम्ही विकता ती वेळ आहे. मुलं शाळेतून येऊन खाऊन बसेपर्यंत पाच वाजतात आणि नऊनंतर ती जांभया देतात. म्हणजे सोमवार ते शुक्रवार मिळून विकण्यासारखे तास वीसच. मंगळवारी सात वाजता बोरिवलीचा मुलगा आला नाही, तर त्या सात वाजता घाटकोपरची मुलगी ऐन वेळी येऊन बसत नाही. तो तास शिळ्या भाजीसारखा फेकायचा.

सुरुवातीला मी तासाला सहाशे घेत असे, झाला तास तर पैसे. दहावीतला एक मुलगा मंगळवार-गुरुवार असायचा. गणपतीच्या महिन्यात ठरले आठ तास. दोन गणपतीत गेले, एक घटक चाचणीत, एक ‘मामा आलाय’ म्हणून. हातात आले चोवीसशे, आणि माझ्या संध्याकाळी मात्र आठही अडकलेल्या.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ‘चोवीस तास आधी कळवलं नाही तर पैसे कापले जातील’ असा नियम केला. कुठल्याही सल्ल्यात हाच नियम सापडेल, आणि आपल्याकडे तो चालत नाही. एका मुलीला दुपारी ताप भरला, मी नियमावर बोट ठेवलं. तिची आई शांतपणे म्हणाली, “मॅडम, तापाला चोवीस तास आधी कसं कळवायचं?” पुढच्या महिन्यात मुलगी गेली, आणि तिच्या सोसायटीतल्या आणखी दोघी गेल्या. नियम बरोबर होता की नाही हा मुद्दाच नव्हता. प्रत्येक गैरहजेरीचं कारण खरं की खोटं हे ठरवायला बसलात की तुम्ही शिक्षक राहत नाही, हजेरी मास्तर होता.

तिसरी सोय म्हणजे ‘बदली तास देते’. ही सर्वांत वाईट, आणि सर्वांत गोड दिसणारी. मी वर्षभर दिले. ऑक्टोबरपर्यंत चौदा बदली तास डोक्यावर होते, रविवार सकाळी तीन मुलं एकामागून एक, आणि त्यातलंही एखादं यायचं नाही. मग बदलीची बदली! बदली तास देऊ नका. कितीही चांगलं घर असलं तरी देऊ नका.

चाललं ते असं. पॅकेज आठ तासांचं, पण मुदत पाच आठवड्यांची. आठवड्याला दोन म्हणजे पाच आठवड्यांत दहा वेळा मी त्या मुलासाठी बसलेली असते. त्यातल्या आठ वेळा त्याने यायचं. दोन वेळा नाही आला तर कारण विचारत नाही. ताप असो, लग्न असो, कंटाळा असो. तिसरी दांडी मात्र झालेला तास म्हणून मोजली जाते. आठ तास चार आठवड्यांतच संपले तर पुढचं पॅकेज लगेच सुरू. फी अठ्ठेचाळीसशे, आणि ती पहिल्या तासाआधी.

हिशोब मात्र दहाने भागून करा. अठ्ठेचाळीसशे भागिले दहा म्हणजे चारशे ऐंशी. तासाला एवढे पडले तरी मला परवडतं, म्हणून हा आकडा. तुम्हाला परवडत नसेल तर फी वाढवा, सवलतीच्या दांड्या कमी करू नका. त्या दोन दांड्यांमुळेच भांडण होत नाही.

तिसऱ्या दांडीच्या वेळी पंधरा मिनिटं लिंक उघडी ठेवून वाट बघते. मग उरलेल्या वेळात त्याची पाठवलेली उदाहरणं तपासते, सहा-सात मिनिटांचं रेकॉर्डिंग करून चूक कुठे झाली ते दाखवते, आणि आईच्या व्हॉट्सअॅपवर टाकते. तास मोजला गेला, पण घरात काहीतरी आलं. हे सुरू केल्यापासून फीवरून एकदाही बोलाचाली झालेली नाही.

अपवाद दोनच ठेवले आहेत. मूल खरोखर अंथरुणाला खिळलं तर पॅकेज तिथल्या तिथे थांबवते आणि तारखा पुढे ढकलते, वर्षातून एकदा. आणि तास मी रद्द केला किंवा माझं नेट गेलं तर एक तास वर फुकट. दुसरा अपवाद लिहून दिलात की पालक पहिल्या नियमाला हरकत घेत नाहीत.

हे सगळं पहिल्या फीआधी आईला किंवा वडिलांना पाठवायचं, मुलाला नाही. माझा मेसेज असा असतो:

‘नमस्कार ताई. 8 तास, मुदत 5 आठवडे, मंगळ-गुरु संध्या. 7. दोन सुट्ट्या कधीही, कारण सांगायची गरज नाही. तिसरी सुट्टी तास म्हणून धरली जाईल. सुट्टीचा मेसेज तुमच्या फोनवरूनच यावा. पावसामुळे शाळा बंद असली तरी क्लास चालू असेल. माझ्या सुट्ट्या: गणपतीचे पाच दिवस, दिवाळीचे चार.’

पावसाचं वाक्य मुद्दाम आहे. सायन-कुर्ल्याला पाणी भरून शाळेला सुट्टी मिळाली की मुलांना वाटतं टीचरलाही मिळाली. तुमच्या फोनवरूनच, हेही मुद्दाम. ही एक ओळ घातली आणि निम्म्या दांड्या आपोआप गळाल्या.

मूल टिकवायचं तर गळती कधी होते ते बघा. ती होते परीक्षेच्या आठवड्यात. ‘परीक्षा संपली की सुरू करू’ म्हणतात आणि परत येत नाहीत. त्या आठवड्यात मी तासाचे दोन अर्धे करते, प्रत्येक पेपरच्या आदल्या संध्याकाळी एक, फक्त शंका. भाग एक आणि भाग दोन असे गणिताचे दोन पेपर असतात, त्यामुळे ते नीट बसतं. साखळी तुटत नाही.

पॅकेज संपल्यावर फी मागू नका. सहाव्या तासानंतर पालकांना दहा मिनिटं फोन करा आणि चुकांची वही समोर ठेवा. ‘प्रगती छान आहे’ ऐकून कुणी पैसे भरत नाही. मी सांगते, “पहिल्या आठवड्यात दहा उदाहरणांत चिन्हाची चूक सात वेळा होती, आता दोन वेळा आहे. भूमितीत अजून सिद्धतेची कारणं लिहीत नाही, पुढचे आठ तास त्यावर.” बहुतेक वेळा फोन ठेवायच्या आत पैसे आलेले असतात.

आणि दहावीचीच मुलं घेऊ नका. मार्चमध्ये सगळी एकदम जातात आणि एप्रिल-मे तुम्ही पंख्याखाली बसून राहता. माझ्या वीस तासांपैकी बारा आठवी-नववीला असतात, त्यांचा मे महिना गावाला जातो हे धरूनच.