ऑडिटमधल्या एनसीला उत्तर कसं लिहावं

ऑडिट संपलं की हातात एनसीचा, म्हणजे नियमाशी न जुळलेल्या गोष्टीच्या नोंदीचा, कागद येतो आणि बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष. समज दिली.’ हे उत्तर हमखास परत येतं. का, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, भोसरीतली एक मशीन शॉप आहे. २२ एप्रिलला आयएसओ ९००१ चं ऑडिट झालं. ऑडिटरला सीएनसी लेथवर ०-२५ मिमीचा एक मायक्रोमीटर वापरात सापडला. त्यावर आयडी नंबर नाही, स्टिकर नाही. डब्यात उत्पादकाचं सर्टिफिकेट आहे, पण ते मागच्या वर्षीच्या १० मार्चचं. कंपनीच्याच नियमाप्रमाणे कॅलिब्रेशन दर वर्षी. कलम ७.१.५.२, मायनर एनसी.

आधी दुरुस्ती लिहा, म्हणजे सापडलेल्या गोष्टीचं त्या दिवशी काय केलं ते. मायक्रोमीटर लाइनवरून काढला, लाल टॅग लावला, कॅलिब्रेशनला पाठवला. इथेच एक प्रश्न बहुतेक जण विसरतात: त्या मायक्रोमीटरने मोजून जो माल गेला, त्याचं काय? ऑडिटर हे विचारतोच, कारण त्याच कलमात तशी अट आहे. लॅबच्या रिपोर्टात चूक २ मायक्रॉन आली आणि तुमची स्वीकार्य मर्यादा ४ मायक्रॉन असेल, तर रिपोर्ट जोडा, विषय तिथेच संपतो. मर्यादेबाहेर निघाली, तर मात्र यंदाच्या १० मार्चला मुदत संपल्यानंतरचाच नव्हे, शेवटच्या बरोबर कॅलिब्रेशनपासूनचा, म्हणजे इथे तेरा महिन्यांचा माल संशयित ठरतो. मग इन्स्पेक्शन रिपोर्ट काढून ड्रॉइंगच्या मर्यादेला अगदी टेकलेली मापं शोधावी लागतात, आणि गरज पडली तर ग्राहकाला कळवावं लागतं.

आता मूळ कारण. ‘का?’ विचारत खाली उतरा, पण प्रत्येक उत्तराला कागद किंवा प्रत्यक्ष पाहणीचा आधार हवा.

मुदत का टळली? मायक्रोमीटर कॅलिब्रेशनच्या मास्टर लिस्टमध्येच नव्हता. का नव्हता? स्टँडर्ड रूमकडे तो कधी आलाच नाही. का नाही? नवीन मशीन सुरू करायची घाई होती, स्टोअरने बिल पाहून थेट लाइनवर दिला. स्टोअरला देता कसा आला? आवक माल घेण्याच्या पद्धतीत ‘मापन साधन आधी स्टँडर्ड रूमकडे’ अशी पायरीच नाही.

इथे थांबा. बरोबर उतरलात का हे पाहायला साखळी उलटी वाचा, मध्ये ‘म्हणून’ घाला: पायरी नाही म्हणून स्टोअरने थेट दिला, म्हणून नोंद झाली नाही, म्हणून मुदत कुणाला कळली नाही. कुठे अडखळलात तर एखादा दुवा खोटा आहे. आणि ऑपरेटरचं म्हणाल, तर ज्या साधनाला स्टिकरच नाही, त्यावरची तारीख तो वाचणार कशी?

कारण पद्धतीत निघालं, म्हणजे असली आणखी साधनं असणारच. सगळा फ्लोअर, ऑपरेटरांचे ड्रॉवर धरून, फिरून पाहा. दोन व्हर्निअर सापडले तर तसं उत्तरात लिहून टाका. लपवलेलं पुढच्या ऑडिटला निघालं, तर ते जास्त महागात पडतं.

करेक्टिव्ह अ‍ॅक्शन कारणावर बेतलेली हवी. इथे ती अशी: आवक पद्धतीत पायरी घालणे, आणि आयडी नंबर असल्याशिवाय स्टोअरच्या इश्यू स्लिपवर मापन साधन देता येणार नाही अशी रकाना-सोय करणे. ‘प्रशिक्षण दिले’ हे सोबत चालेल, एकटं नाही.

तारीख प्रत्येक कामाला वेगळी आणि पुढे जबाबदार माणसाचं पद.

‘फ्लोअरची तपासणी: २५ एप्रिल, स्टँडर्ड रूम इन्चार्ज. सुधारित पद्धत व इश्यू स्लिप: १० मे, स्टोअर इन्चार्ज. स्टोअरच्या चौघांना माहिती: १२ मे, स्टोअर इन्चार्ज. परिणामकारकता तपासणी: १२ ऑगस्ट, क्वालिटी हेड.’

‘तात्काळ’ किंवा ‘चालू आहे’ ही तारीख नव्हे. उत्तर पाठवायची मुदत अहवालात असते, ती आणि काम पूर्ण व्हायची तारीख यांची गल्लत करू नका. कॅलिब्रेशन लॅबला दहा दिवस लागतात तर दहाच धरा. तारीख चुकणार असं दिसलं, तर ती उलटण्याआधी कारणासह नवी तारीख कळवा.

शेवटची ऑगस्टची ओळ बरेच जण गाळतात. तीन महिन्यांत खरेदी झालेल्या मापन साधनांची बिलं घ्या आणि मास्टर लिस्टशी ताडून पाहा. प्रत्येक बिलासमोर आयडी नंबर आणि त्याची तारीख इश्यूच्या आधीची असेल, तर एनसी बंद करा. पुरावा म्हणून कोरा फॉर्म जोडू नका, त्या काळातल्या भरलेल्या दोन-तीन स्लिपा जोडा. तीन महिन्यांत एकही खरेदी झाली नसेल, तर पद्धत अजून तपासलीच गेलेली नाही. तसं लिहा आणि तारीख पुढे न्या.