मॉर्निंग स्टार दिसला, तरी चौथ्या कॅन्डलची वाट का पाहायची

चार्ट वाचायला लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात मला जिकडेतिकडे मॉर्निंग स्टार दिसायचे, म्हणजे पडता भाव आता वर वळणार असं सुचवणारी तीन कॅन्डलची आकृती. एक कॅन्डल म्हणजे एका दिवसाचा भाव: वाढला तर हिरवी, पडला तर लाल. उघडलेल्या आणि बंद झालेल्या भावामधला जाड भाग ही तिची बॉडी, वरखालची बारीक रेषा म्हणजे विक. पडत्या भावात एक मोठी लाल कॅन्डल, तिच्याखाली एक इवलीशी बॉडी, मग एक दणदणीत हिरवी. झाला मॉर्निंग स्टार, घ्या शेअर. त्या काळातला एक सौदा माझ्या वहीत अजून आहे आणि नव्याने शिकणाऱ्याला मी आधी तोच दाखवतो. शेअरचं नाव महत्त्वाचं नाही.

पहिल्या दिवशी भाव ४२० ला उघडला आणि ४०२ ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी ४०० ला उघडून ३९९ ला बंद, मधे ३९५ चा तळ. तिसऱ्या दिवशी ४०१ वरून ४१५ ला बंद, दिवसाचा उच्चांक ४१७. नियमाप्रमाणे तिसऱ्या कॅन्डलचा क्लोज, म्हणजे बंद भाव, पहिल्या कॅन्डलच्या बॉडीच्या मध्याच्या वर हवा. मध्य ४११, क्लोज ४१५. आकृतीत खोट काढायला जागा नव्हती. मी त्याच दुपारी बाजार बंद होता होता ४१४ ला खरेदी केली होती.

चौथ्या दिवशी भाव ४१३ ला उघडला, सकाळी ४१९ पर्यंत गेला आणि ४०५ ला बंद झाला. ४१९ बघून मला वाटलं, उच्चांक तुटला, खात्री झाली. क्लोजकडे मी लक्षच दिलं नाही. पुढच्या दोन दिवसांत ३९५ चा तळ तुटला आणि भाव ३८१ वर आला.

आकृती नियमात बसत होती, तरी फसली. तिसऱ्या दिवशीची मोठी हिरवी कॅन्डल कोणाच्या खरेदीने बनली, हे ती कॅन्डल सांगत नाही. पडत्या बाजारात ज्यांनी शॉर्ट केलेलं असतं, म्हणजे हातात नसलेले शेअर आधीच विकून ठेवलेले असतात, ते नफा पदरात पाडून घ्यायला शेअर परत विकत घेतात. त्या शॉर्ट कव्हरिंगनेही तशीच लांब हिरवी कॅन्डल उभी राहते. पण त्यांची खरेदी झाली की ते बाजूला होतात. नवा खरेदीदार आहे की नाही हे चौथ्या दिवशी कळतं: कालच्या वाढलेल्या भावापेक्षाही जास्त पैसे मोजायला कोणी तयार आहे का? शिवाय क्लोज बॉडीच्या मध्यावर गेला तरी पहिल्या कॅन्डलची सुरुवात, माझ्या उदाहरणात ४२०, अजून वरच असते. तिथे अडकलेले लोक आपले पैसे सुटायची वाट पाहत बसलेले असतात आणि भाव तिथे पोचला की विकतात.

म्हणून माझा नियम साधा आहे. मॉर्निंग स्टारनंतरच्या कॅन्डलचा क्लोज तिसऱ्या कॅन्डलच्या उच्चांकाच्या वर हवा. नुसती विक वर जाऊन भाव खाली येणं चालत नाही. वरच्या सौद्यात ४१७ च्या वर क्लोज हवा होता, आला ४०५. नियम पाळला असता तर तो शेअर मी घेतलाच नसता.

हे नाव जपानहून आलं. तिथे तांदळाच्या बाजारातून ही चार्टची पद्धत वाढली, आणि मॉर्निंग स्टार म्हणजे आपली पहाटेची शुक्राची चांदणी. ती पूर्वेला दिसते तेव्हा अजून अंधारच असतो, हे मला फार समर्पक वाटतं.

आता नावाजलेलं उदाहरण घेऊ: मार्च २०२० चा निफ्टी. २३ मार्चला निर्देशांक साधारण ७,९४६ ला उघडला आणि ७,६१० ला बंद झाला. त्या दिवशी लोअर सर्किट लागून ४५ मिनिटं बाजार थांबला होता. २४ ला ७,८४८ ला उघडून ७,८०१ ला बंद, तळ ७,५११. त्याच रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. २५ ला, म्हणजे गुढीपाडव्याला, बाजार चालू होता. निफ्टी ७,७३५ वरून ८,३१८ ला बंद झाला, उच्चांक ८,३७७.

याला पुष्कळ लोक मॉर्निंग स्टार म्हणतात. बारकाईने बघा: २४ ची छोटी बॉडी २३ च्या बॉडीच्या खाली नाही, तिच्या पोटात आहे. मोठ्या बॉडीच्या पोटात छोटी बॉडी म्हणजे हरामी, आणि तिसरी कॅन्डल पहिलीच्या सुरुवातीच्याही वर बंद झाली की तो थ्री इनसाइड अप. नावावरून मी भांडत नाही, पण फरक उपयोगाचा आहे. थ्री इनसाइड अपमध्ये तिसऱ्याच कॅन्डलने पहिलीचं सगळं नुकसान भरून काढलेलं असतं. मॉर्निंग स्टारला अर्धं भरून काढलं तरी पुरतं, म्हणून तिथे चौथ्या कॅन्डलची गरज जास्त.

२६ मार्चला निफ्टी ८,६४१ ला बंद झाला. ८,३७७ च्या वर, म्हणजे शिक्कामोर्तब झालं. पण इथून पुढे सरळ चढण नव्हती. ३ एप्रिलला निर्देशांक ८,०८४ पर्यंत खाली येऊन बंद झाला. २६ ला घेतलेला माणूस साडेपाचशेहून जास्त अंकांनी तोट्यात होता. ७,५११ चा तळ मात्र तुटला नाही, आणि ७ एप्रिलला क्लोज ८,७९२ वर आला. शिक्कामोर्तब झाल्याने खोट्या आकृत्या गाळल्या जातात, मधले धक्के चुकत नाहीत.

वाट पाहण्याची किंमतही इथे दिसते. २५ ऐवजी २६ ला घेतलं तर ३२३ अंक महाग, आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा ठरलेला भाव, त्याच तळाखाली राहतो. त्यावर उपाय म्हणजे शेअरची संख्या कमी करणं. समजा एका सौद्यात जास्तीत जास्त ३,००० रुपये गमवायची तयारी आहे आणि स्टॉपलॉस ३९४ ला आहे. ४१५ ला घेतले तर अंतर २१ रुपये, म्हणजे १४२ शेअर. शिक्कामोर्तब होऊन ४२४ ला घेतले तर अंतर ३० रुपये, म्हणजे १०० शेअर. नवे लोक इथे चुकतात: भाव लांब गेला म्हणून स्टॉपलॉस वर ओढतात. मग आकृती शाबूत असतानाच सौदा कापला जातो.

इव्हनिंग स्टार म्हणजे हीच गोष्ट उलटी: मोठी हिरवी, वर छोटी बॉडी, मग खोल उतरणारी लाल. नंतरच्या कॅन्डलचा क्लोज तिसरीच्या नीचांकाखाली हवा. आपल्याकडे रोख बाजारात शॉर्ट केलेला सौदा त्याच दिवशी मिटवावा लागतो, त्यामुळे डेली चार्टवरचा इव्हनिंग स्टार नवख्याला हातातले शेअर विकण्यापुरताच उपयोगी. तिथे मी थोडा सैल आहे. तिसऱ्या कॅन्डलच्या क्लोजला निम्मे विकतो, उरलेले शिक्कामोर्तब झाल्यावर. हाती असलेला नफा पूर्ण दिवस टांगणीला ठेवणं मला पटत नाही.

थ्री व्हाइट सोल्जर्स म्हणजे ओळीने तीन लांब हिरव्या आणि थ्री ब्लॅक क्रोज म्हणजे तीन लांब लाल कॅन्डल. त्यांच्याबद्दल थोडक्यात: तीन लांब कॅन्डल झाल्यावर भाव इतका पुढे गेलेला असतो की चौथीची वाट पाहून घेतलं तर स्टॉपलॉस परवडत नाही. मी तिथे भाव थोडा मागे येण्याची वाट बघतो, आणि आला नाही तर सोडून देतो.

सुरुवात करणाऱ्याने एक वही घालावी. दिसेल तो मॉर्निंग स्टार लिहायचा: तिसऱ्या कॅन्डलचा उच्चांक, आकृतीचा तळ, चौथ्या दिवसाचा क्लोज आणि दहा दिवसांनंतरचा भाव. पैसे न लावता. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चौथ्या दिवसाच्या रकान्यात ४०५ लिहिलं आहे, आणि त्याच्या बाजूला लाल पेनाने ४१७.